आईला स्मार्टफोन शिकवताना: व्हिडिओ कॉल, मोठी अक्षरं आणि बोलून शोधणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नेरुळला राहते, आई ठाण्यात पाचपाखाडीला एकटी असते, वय 76. तिला अँड्रॉइड फोन घेऊन दिला आणि मग जवळजवळ चार महिने दर रविवारी ट्रान्सहार्बर पकडून ठाण्याला जायचं आणि दुपारी जेवण झाल्यावर तासभर शिकवायचं असं चाललं होतं. तेव्हापासून ऑफिसातल्या, सोसायटीतल्या मैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. हे सगळं अँड्रॉइडबद्दल आहे, आणि कंपनीप्रमाणे मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर Settings उघडून वरच्या शोधायच्या पट्टीत ते नाव टाका, येतंच.

आधी काय शिकवायचं, व्हिडिओ कॉल की बोलून शोधणं?

आधी काहीच शिकवू नका, पहिला रविवार फक्त तिचं बोट बघा. खरंच सांगते, माझे पहिले दोन रविवार फुकट गेले कारण मला वाटत होतं आईच्या लक्षात राहत नाहीये आणि प्रत्यक्षात भानगड बोटाची होती. आपण स्क्रीनला टिचकी मारल्यासारखं करतो आणि बोट लगेच उचलतो. आई डोअरबेल दाबल्यासारखं दाबायची, नीट, जोर लावून. फोनला साधारण अर्धा सेकंद बोट एका जागी राहिलं की वाटतं हे 'दाबून ठेवलंय', आणि दाबून ठेवण्याचा अर्थ पूर्ण वेगळा असतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये माझं नाव उघडायचं तर ते उघडायचंच नाही, नावावर हिरवी टिक यायची आणि वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र यायचं, आणि मुख्य स्क्रीनवर चिन्हं उचलली जाऊन भलतीकडे जाऊन बसायची. आई म्हणायची "अगं मी काहीच नाही केलं, आपोआप झालं". ते खरं होतं, तिने मी सांगितलं तेच केलं होतं.

ओळखायची खूण हीच, 'आपोआप झालं' असं वारंवार ऐकू आलं की हेच कारण धरा. उपाय फोनमध्येच आहे: Settings > Accessibility > Timing controls > Touch & hold delay, तिथे Long करा. सॅमसंगमध्ये ते Accessibility > Interaction and dexterity मध्ये असतं. Long केलं की साधारण दीड सेकंद बोट ठेवलं तरच फोन ते 'दाबून ठेवणं' समजतो, तेवढ्यात आई बोट उचलते. हे एक केल्यावर तिच्या निम्म्या तक्रारी गेल्या, मी अतिशयोक्ती करत नाहीये.

त्याच बैठकीत अजून दोन गोष्टी करून टाका. स्क्रीन बंद व्हायची वेळ 30 सेकंदांवर असेल तर दोन किंवा पाच मिनिटं करा, कारण ती वाचतेय वाचतेय आणि काळं होतं, मग पुन्हा कुलूप उघडायचं, तोवर काय करत होतो ते विसरायला होतं. आणि खाली तीन बटणं येतील असं करा (System navigation मध्ये 3-button navigation). बोट सरकवून मागे जाणं आपल्याला सोपं, पण तिला ती सरकवण्याची जागाच दिसत नाही. बटण दिसतं, त्यामुळे "मधलं गोल दाब, घरी येशील" एवढं एक वाक्य तिला कुठूनही परत यायला पुरतं.

बोट लावलं तरी काहीच होत नाही, असं का?

हे वरच्याच्या उलट. वय झालं की बोटांची कातडी कोरडी पडते आणि स्क्रीन बोटातल्या विजेच्या अगदी बारीक फरकावर चालते, जोरावर नाही, त्यामुळे कोरडं बोट तिला जाणवतच नाही. आई पोळ्या लाटून आली की तर हमखास, पीठ असतं बोटांवर. हात धुवून नीट पुसून मग फोन घ्यायचा. नखाने न दाबता बोटाच्या गादीने दाबायचं. स्वस्तातली जाड काच लावली असेल तर काढून बघा, फरक पडतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये Display मध्ये Touch sensitivity असं बटण असतं ते चालू करा.

अक्षरं किती मोठी करायची? एकदम शेवटपर्यंत करू का?

नको. मोह होतो, मीही केलं होतं. फोनमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या असतात, Font size आणि Display size. पहिलीने फक्त अक्षरं वाढतात, दुसरीने चिन्हं, बटणं, फोटो सगळंच. अँड्रॉइड 14 पासून अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. पण दोन्ही शेवटाला नेल्या की काही अ‍ॅपमध्ये खालचं बटणच स्क्रीनच्या बाहेर जातं. आईच्या फोनवर परवानगी विचारणारी चौकट यायची आणि त्यातलं 'हो'चं बटण अर्धं कापलेलं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये ओटीपी टाकायची जागा कीबोर्डखाली दडलेली, आणि ती बिचारी थांबून राहायची कारण तिला दिसतच नव्हतं की खाली अजून काही आहे.

मी जे केलं ते सांगते. Display size एकच घर वाढवलं आणि Font size एकेक घर वाढवत गेले. प्रत्येक वेळी आईला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून, नेहमीचा चष्मा लावून, फोन ती धरते तसा मांडीजवळ धरून माझा मेसेज मोठ्याने वाचायला सांगितला. अडखळली नाही तिथे थांबले. डोळ्यांसमोर फोन धरून चाचणी घेऊ नका, कारण तसा ती एरवी धरतच नाही. ते शेवटून एक घर अलीकडे आलं. वर Bold text चालू केलं. व्हॉट्सअ‍ॅपचं स्वतःचं वेगळं माप असतं ते विसरू नका: Settings > Chats > Font size, तिथे Large.

वॉलपेपर फुलाबिलांचा नको, एकरंगी ठेवा, नाहीतर चिन्हांची नावं त्यात मिसळतात. काळी पार्श्वभूमी की पांढरी हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर आहे, दोन्ही दोन दोन दिवस वापरायला देऊन तिलाच विचारा.

अक्षरं अचानक अवाढव्य झाली आणि स्क्रीनचा कोपराच दिसतोय, काय झालं?

Magnification चालू झालंय. त्याचा शॉर्टकट तीन टिचक्यांचा ठेवलेला असेल तर उत्तर मिळत नाही म्हणून आईने पटपट तीनदा दाबलं की भिंग चालू होतं. पुन्हा तीन टिचक्या मारल्या की जातं, मग Accessibility मध्ये जाऊन तो शॉर्टकट बंदच करून टाका.

फोन मराठीत करावा का?

आई रोज पेपर मराठी वाचते म्हणून मी पूर्ण फोन मराठीत केला होता, आठवड्यात परत फिरवला. कारण अडल्यावर ती शेजारच्या काकूंकडे जाते नाहीतर भाच्याला विचारते, आणि त्यांना मराठी मेनूत काही सापडेना. शेवटी फोन इंग्रजीत ठेवला आणि फक्त व्हॉट्सअ‍ॅप मराठीत केलं, त्याच्या Settings मध्ये App language असतं. हा मध्यममार्ग आमच्याकडे चालला.

फोन वाजतो पण आईला व्हिडिओ कॉल उचलताच येत नाही. किती वेळा दाखवलं तरी!

यावर जरा सविस्तर लिहिते कारण इथेच बहुतेक जण वैतागतात. आपण एक कॉल उचलून दाखवतो आणि समजतो झालं. पण एकाच कॉलची दोन रूपं असतात. फोन बंद पडलेला असेल, म्हणजे स्क्रीन काळी असेल, तर कॉल पूर्ण स्क्रीनभर येतो आणि उचलायला बटण वर सरकवावं लागतं. आणि आई यूट्यूब बघत असेल तर तोच कॉल वरच्या कडेला एका छोट्या पट्टीत येतो आणि तिथे सरकवायचं नसतं, Answer वर टिचकी मारायची असते. शिकवताना फोन तुमच्या हातात उघडाच असतो, म्हणून तुम्ही एक रूप शिकवता आणि एरवी येतं दुसरं. आई पट्टीवर बोट वर सरकवायची, पट्टी निघून जायची, वाजणं सुरू आणि उचलायला काही नाही.

म्हणून दोन वेगळे दिवस ठेवा. पहिल्या दिवशी फोन काळा करून टेबलावर ठेवायचा आणि तुम्ही आतल्या खोलीतून कॉल करायचा, शेजारी बसून नाही, कारण शेजारी बसलं की ती तुमच्या तोंडाकडे बघते, फोनकडे नाही. आम्ही एका दुपारी बारा कॉल केले. पहिल्या चारात ती बटणाला नुसती टिचकी मारत होती. पाचव्याला मी म्हटलं "आई, खिडकीची कडी वर करतेस ना, तसं", आणि तिथून जमलं. दुसऱ्या रविवारी यूट्यूबवर अभंग लावून ठेवला आणि मध्येच कॉल केला, फक्त पट्टीचा सराव. दोन्ही एका दिवशी केलं असतं तर गोंधळ झाला असता असं माझं पक्कं मत आहे.

अजून एक, काळ्या स्क्रीनवर व्हिडिओ कॉल आला की उचलायच्या आधीच स्वतःचा चेहरा दिसतो. आई दचकायची, तिला वाटायचं आपण समोरच्याला दिसायला लागलो आणि केस नीट नाहीत, म्हणून फोन उपडा ठेवायची! तो चेहरा फक्त तिलाच दिसतो, उचलल्याशिवाय मला दिसत नाही, हे सांगितल्यावर उचलायला लागली. हे आधी कळलं असतं तर तिची महिनाभराची धाकधूक वाचली असती.

कॉल लागतो पण आम्हाला आईचा कान दिसतो नाहीतर पंखा.

पन्नास वर्षं फोन कानाला लावलेला माणूस, हात आपोआप कानाकडे जाणार. आवाज कमी वाटला की जास्तच. म्हणून आधी आवाज वाढवा, आणि तो कॉल चालू असतानाच बाजूच्या बटणाने वाढवा, कारण रिंगचा आवाज वेगळा आणि बोलण्याचा वेगळा असतो. एकदम काहीच ऐकू येत नसेल तर ब्लूटूथ बघा, आमच्याकडे आवाज आतल्या खोलीतल्या स्पीकरमधून येत होता.

पंख्यासाठी उपाय म्हणजे फोन हातात धरायचाच नाही. डायनिंग टेबलावर आईचा पोळ्यांचा डबा असतो, त्याला फोन टेकवून उभा करायचा, तिने खुर्चीत बसायचं. खिडकी तिच्या पाठीशी नको, नाहीतर चेहरा काळाठिक्कर दिसतो, खिडकी समोर हवी. खुर्चीची जागा ठरवून टाका, आमची ठरलेली आहे.

माझं बोलणं तिला ऐकू येतं पण तिचा चेहराच दिसत नाही.

धूसर दिसत असेल तर कॅमेऱ्याच्या काचेवर तेलकट बोट लागलेलं असतं, पदराने पुसायला सांगा. पूर्ण काळं असेल तर तीन गोष्टी बघा. एक, कॉलमध्येच कॅमेऱ्याचं बटण चुकून दाबलं गेलं का. दोन, व्हॉट्सअ‍ॅपने कॅमेऱ्याची परवानगी मागितली तेव्हा घाबरून 'नको' दाबलं असेल, आणि दोनदा नको म्हटलं की नव्या अँड्रॉइडवर अ‍ॅप पुन्हा विचारतच नाही, मग Settings > Apps > WhatsApp > Permissions मध्ये जाऊन स्वतः द्यावी लागते. तीन, वरून ओढायच्या पडद्यात Camera access आणि Mic access असे तुकडे असू शकतात, ते बंद असतील तर कुठल्याच अ‍ॅपला कॅमेरा मिळत नाही. आईकडे एकदा हेच झालं होतं, टॉर्च लावायला गेली आणि शेजारचं दाबलं. आता ते तुकडे मी त्या पडद्यातून काढूनच टाकलेत.

आईने स्वतः मला कॉल लावावा असं वाटतं. यादीत नाव शोधणं जमत नाही.

शोधायला लावूच नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तुमचं चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, More, Add shortcut. मुख्य स्क्रीनवर तुमच्या फोटोचं गोल चिन्ह येतं. फोटो तुमचा एकटीचा, चेहरा मोठा दिसणारा ठेवा, महाबळेश्वरला सहा जण उभे आहेत असला नको. हे चिन्ह दाबल्यावर थेट कॉल लागत नाही, चॅट उघडतं, मग वर कॅमेऱ्याचं चित्र दाबायचं. म्हणजे दोनच पायऱ्या: "माझा चेहरा, मग कॅमेरा". आईने हे कॅलेंडरच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. मी छापून दिलेला कागद तिने एकदाही बघितला नाही, तिच्या अक्षरातला रोज बघते. त्या स्क्रीनवर फक्त मी, भाऊ, मामा, फोन, यूट्यूब आणि गूगलची पट्टी आहे. आणि तुमच्या फोनमध्ये चिन्हांची मांडणी लॉक करायची सोय असेल (Lock Home screen layout) तर लॉक करा.

बोलून शोधायला शिकवलं, पण ती भलत्याच ठिकाणी बोलते.

कारण फोनमध्ये माइकची चित्रं तीन आहेत, दिसतात जवळजवळ सारखी आणि कामं वेगळी. गूगलच्या पट्टीतला माइक शोधायचा. कीबोर्डवरचा माइक, बोललेलं टाइप करून द्यायचा. आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये खाली उजवीकडचा माइक आवाज रेकॉर्ड करून समोरच्याला पाठवतो, शोधत काहीच नाही. आईने "आज ठाण्यात पाऊस पडणार का" हे सोसायटीच्या ग्रुपवर आवाजात पाठवलं होतं, आणि तीन जणांनी अगदी प्रेमाने उत्तरही दिलं, त्यामुळे तिला वाटलं हेच बरोबर! मी तिला नियम दिला, "काही विचारायचं असेल तर आधी मधलं गोल दाबून घरी ये, मग पट्टीतला माइक". एकच माइक शिकवा. तो महिनाभर पक्का होऊ द्या, मग कीबोर्डचा.

ती मराठीत बोलते आणि फोन काहीतरी इंग्रजी लिहितो.

बोलण्याची भाषा ही फोनच्या भाषेपेक्षा वेगळी ठरवावी लागते. गूगलने मराठी बोलून शोधायची सोय ऑगस्ट 2017 मध्येच दिली आहे, पण ती निवडायला लागते. गूगल अ‍ॅप उघडा, वरचा तुमचा फोटो, Settings, Voice, Languages, आणि तिथे मराठी करा. कीबोर्डच्या माइकचं गणित याहून निराळं आहे, गूगलच्या Gboard कीबोर्डवर त्या वेळी जी भाषा समोर असेल तीच तो ऐकतो. म्हणजे पट्टीत मराठी नीट चालतंय आणि मेसेज बोलताना इंग्रजी येतंय असं झालं तर कीबोर्डमध्ये मराठी जोडा.

भाषा बरोबर असून अर्धंच वाक्य येत असेल तर कारण थांबणं आहे. आई म्हणायची "अं... ते आपलं... मोदकाचं..." आणि फोनला वाटायचं संपलं बोलणं, तो 'ते आपलं' शोधून द्यायचा. आता ती आधी वाक्य मनात जुळवते, मग माइक दाबते, आवाज झाला की एका दमात म्हणते, "उकडीच्या मोदकाची उकड कशी काढायची". फोन तोंडाच्या अगदी जवळ नको, वीतभर लांब, आणि टीव्हीचा आवाज बंद. फोनला हाक मारल्यासारखं ओरडायची पण गरज नाही.

बोलून काय शोधू नये?

बँक, गॅस, वीज, कुरिअर यांचे कस्टमर केअरचे नंबर. शोधल्यावर वर येणाऱ्यात भामट्यांचे नंबरही असतात आणि आपली माणसं पहिलाच दाबतात. आईचे सगळे खरे नंबर मी पासबुकावरून आणि बिलावरून बघून तिच्या फोनमध्ये सेव्ह केलेत, बाहेरचा नंबर लावायचाच नाही असं ठरलंय.

अनोळखी व्हिडिओ कॉलची भीती वाटते.

वाटायलाच हवी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings > Privacy > Calls > Silence unknown callers चालू करा, मग सेव्ह नसलेल्या नंबरचा कॉल वाजत नाही, यादीत नुसता दिसतो. आणि आईला स्पष्ट शब्दांत सांगा की पोलीस, सीबीआय, कस्टम कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाही. असा कॉल आला तर बोलत बसायचं नाही, कट करायचा आणि मला लावायचा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करायचा, पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

मी लांब असताना काही अडलं तर?

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये 2023 पासून स्क्रीन दाखवायची सोय आहे. आई तिची स्क्रीन मला दाखवते, मला बघता येते, हात लावता येत नाही, त्यामुळे "वरून दुसरं, निळं" असं बोलून सांगावं लागतं आणि ते चांगलंच आहे कारण बोट तिचंच चालतं. पण स्क्रीन दाखवत असताना आलेला ओटीपी पण समोरच्याला दिसतो, भामटे नेमकं हेच करायला लावतात. म्हणून आमचा नियम असा की स्क्रीन दाखवायची ती फक्त आईने स्वतः माझा चेहरा दाबून मला कॉल केला असेल तेव्हाच, मी केलेल्या कॉलवर सुद्धा नाही. परवा मीच घाईत कॉल करून म्हटलं स्क्रीन दाखव जरा, तर म्हणाली "थांब, ठेव तू, मी लावते", आणि खरंच कट करून लावला.